गडद कपड्यांवरचे डिओडरंटचे पांढरे डाग: कसे काढावेत आणि कसे टाळावेत

काळ्या किंवा गडद निळ्या कपड्याच्या काखेत, बगलेच्या शिवणीवर किंवा खालच्या काठावर खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, की बहुतेक लोक प्रथम त्यावर पाण्याचा हात फिरवतात. पाणी लागताच डाग नाहीसा होतो आणि काम झाले असे वाटते. पण कपडा वाळला की तोच डाग पूर्वीच्याच जागी, कधी कधी थोडा अधिक पसरलेला असा, पुन्हा दिसू लागतो. हा अनुभव नीट समजून घेतला तर डाग काढण्याची योग्य पद्धत आपोआप लक्षात येते, म्हणून आरंभ तेथूनच करणे बरे.

डाग नेमका कशाचा असतो

ज्याला आपण सरसकट डिओडरंट म्हणतो, त्यात दोन वेगळ्या वस्तू येतात. नुसते डिओडरंट घामाचा वास रोखते. अँटीपर्स्पिरंट मात्र घाम येणेच कमी करते, आणि त्यासाठी त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. पांढऱ्या डागांचे मूळ बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात असते. कांडीच्या स्वरूपातील अँटीपर्स्पिरंटमध्ये हे क्षार विरघळलेले नसतात. त्यांची अत्यंत बारीक पूड मेण आणि हवेत उडून जाणारे सिलिकोन यांच्या मिश्रणात मिसळलेली असते. कांडी काखेत फिरवल्यावर काही मिनिटांत ते सिलिकोन उडून जाते आणि त्वचेवर मेणाने धरून ठेवलेली कोरडी पूड उरते. कपडा तिच्यावर घासला की ती कापडावर येते. ॲल्युमिनियम नसलेल्या काही ‘नैसर्गिक’ कांड्यांमध्ये खायचा सोडा, स्टार्च आणि घट्ट वनस्पतिजन्य तेले असतात; त्यांचाही पांढरा डाग पडतो आणि त्यात तेलकटपणा अधिक असतो.

पारदर्शक काच बारीक कुटली की तिची पूड पांढरी दिसते, तसेच येथे घडते. क्षारांचे कण स्वतः पांढरे रंगद्रव्य नव्हेत. कण आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून ते पांढरे दिसतात. पाणी लावले की कणांमधल्या हवेची जागा पाणी घेते, प्रकाश कमी विखुरतो आणि डाग दिसेनासा होतो. म्हणजे डाग गेलेला नसतो, फक्त झाकलेला असतो. यातून एक नियम निघतो, जो या संपूर्ण लेखात पुन्हा पुन्हा लागू पडेल: डाग गेला की नाही याचा निर्णय ओल्या कपड्यावर कधीही करू नये. कपडा पूर्ण वाळवावा, खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरावा आणि मगच ठरवावे.

आधी डागाची ओळख पटवावी

गडद कपड्यावरचा प्रत्येक फिका डाग डिओडरंटचा असेल असे नाही, आणि उपाय करण्यापूर्वी दोन मिनिटे तपासणीत घालवली तर पुढचा बराच त्रास वाचतो. कोरड्या कपड्यावर बोट फिरवून पाहावे. बोटाला पांढरी पूड लागली, किंवा नखाने हलकेच खरवडल्यावर ती झडली, तर तो ताजा डाग आहे. पूड लागत नाही, पण काखेच्या जागचे कापड आजूबाजूच्या कापडापेक्षा कडक आणि किंचित मेणचट लागते, दुमडल्यावर घडीत राखाडी रेषा दिसते, तर तो अनेक धुण्यांमधून साठत गेलेला जुना थर आहे. वेडीवाकडी, लाटेसारखी कडा असलेला फिका डाग बहुधा सुकलेल्या घामाच्या मिठाचा असतो. तो साध्या पाण्यात खळबळल्यावर जातो आणि वाळल्यावर परत येत नाही.

चौथी शक्यता मात्र वाईट बातमीची असते. कापड मऊ आहे, बोटाला काहीच लागत नाही, तरी काखेचा भाग तपकिरी, तांबूस किंवा फिकट झाला आहे, तर तेथे कापडाचा रंगच उडालेला असतो. ॲल्युमिनियमचे क्षार आम्लधर्मी असतात, त्यात घाम आणि घर्षण यांची भर पडते, आणि काही कच्चे रंग ते सहन करू शकत नाहीत. उडालेला रंग कोणत्याही धुण्याने परत येत नाही. तेथे घासत राहिल्यास उरलेला रंगही जातो.

ताजा डाग: पाणी न लावता

ताज्या डागासाठी पाण्याची गरज नसते. उलट पाणी लावल्याने पूड धाग्यांच्या आत शिरते. पहिली पायरी कोरडीच असावी. कपड्याचाच डाग नसलेला भाग, उदाहरणार्थ खालच्या काठाची आतली बाजू, हातात धरून डागावर घासावा. त्याऐवजी जुना, स्वच्छ नायलॉनचा पायमोजा किंवा मऊ कोरडा स्पंज चालतो. घासताना एकाच दिशेने, विणीच्या उभ्या रेषेत, हलक्या हाताने आणि छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी घासावे. गोल गोल घासल्याने पूड पसरते आणि सुती विणलेल्या कापडावर गोळे उठतात. उभ्या रेघांच्या विणीत पूड रेघांच्या खाचांमध्ये बसते, तेथे आडवे घासून उपयोग होत नाही. कापड थोडे ताणून खाचा उघड्या कराव्यात आणि रेघेच्या दिशेने झटकावे.

कोरडे घासूनही फिकी सावली उरली, तर ती मेणाची असते. घाईत बाहेर पडायचे असेल तर घट्ट पिळलेल्या ओलसर कापडाने एकदा पुसून लगेच कोरड्या कापडाने टिपावे. पण तो उपाय दिवसापुरताच समजावा आणि कपडा त्याच संध्याकाळी नीट धुवावा. ओले पुसणे म्हणजे ओले सोडून देणे नव्हे, कारण तसे केल्यास वाळताना पूड ओल्या भागाच्या कडेला जमते आणि एका पट्ट्याऐवजी एक गोल कडा मिळते.

जुना, कडक झालेला थर: एक उदाहरण पूर्ण

खरी अडचण जुन्या थराची असते, म्हणून त्याला सविस्तर जागा देतो. समजा एक काळा टी-शर्ट आहे, सुती धाग्याचा आणि थोड्या ताणदार धाग्याचा मिश्र. तो कित्येक महिने वापरात आहे, दर वेळी यंत्रात धुतला जातो, तरीही काखेत तळहाताएवढा राखाडी-पांढरा पट्टा दिसतो आणि तो भाग पुठ्ठ्यासारखा ताठ लागतो. इतक्या वेळा धुऊनही हा थर का जात नाही, याचे कारण त्याच्या घटनेत आहे. वरचा भाग मेणाचा असतो आणि आतला ॲल्युमिनियमचा. त्वचेवर आणि घामात ॲल्युमिनियमच्या क्षारांचे पाण्यात न विरघळणाऱ्या, चिकट स्वरूपात रूपांतर होते. धुण्याची पावडर सौम्य अल्कधर्मी असते आणि तेवढ्या अल्कतेत हे स्वरूप विरघळत नाही. त्यातून कोणी साबणाची वडी घासली असेल तर प्रकरण आणखी अवघड होते, कारण साबणातील मेदाम्ले ॲल्युमिनियमशी जोडली जाऊन नवा चिकट, न विरघळणारा पदार्थ बनतो. काखेच्या डागावर साबणाची वडी वापरू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी सुटी पूड, मग मेण, मग ॲल्युमिनियम. हा क्रम उलटा केला, म्हणजे थेट आम्ल ओतले, तर वरचे मेण आम्लाला आत पोहोचू देत नाही आणि मेहनत वाया जाते.

काम सुरू करण्यापूर्वी रंग पक्का आहे का ते पाहावे. टी-शर्टच्या आतल्या शिवणीवर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून दोन थेंब टाकावेत, पाच मिनिटांनी पांढऱ्या रुमालाने दाबावे. रुमालावर रंग उतरला तर हा घरगुती मार्ग त्या कपड्यासाठी नाही. हलकी करडी छटा उतरली तर भिजवण्याचा वेळ निम्मा करावा. काहीच उतरले नाही तर पुढे जावे.

टी-शर्ट उलटा करावा, कारण थर आतल्या बाजूला जास्त जाड असतो आणि तो बाहेरून आत ढकलण्यापेक्षा आतून सोडवणे योग्य. कोरड्या अवस्थेतच जुन्या मऊ टूथब्रशने सुटी पूड झाडून काढावी. त्यानंतर काखेचा भाग कोमट पाण्याने ओला करावा. शिवणीजवळच्या लेबलवर परवानगी असेल तर सुमारे 40 अंश सेल्सियसचे पाणी चांगले, कारण कोमटपणाने मेण मऊ होते. उकळते पाणी मात्र वापरू नये. त्याने काळा रंग उतरतो आणि ताणदार धागा सैल पडतो.

आता भांडी घासण्याचा द्रव साबण प्रत्येक काखेसाठी अर्धा चमचा घ्यावा. तो तेल आणि मेण सोडवण्यासाठीच बनवलेला असतो आणि वडीतील साबणासारखा ॲल्युमिनियमशी गुठळी होत नाही. शक्यतो रंगहीन द्रव घ्यावा. बोटांनी तो कापडात जिरवावा, टूथब्रशने विणीच्या दिशेने मिनिटभर हलके घासावे आणि वीस मिनिटे तसाच ठेवावा. या वेळात तो सुकू देऊ नये. सुकू लागला तर थोडे पाणी शिंपडावे. मग कोमट पाण्यात खळबळून फेस पूर्ण निघेपर्यंत धुवावा. येथे बोटांनी तपासावे: मेण निघाले असेल तर कापडाचा मेणचट गुळगुळीतपणा गेलेला असतो आणि हाताला थोडे खरखरीत लागते. अजूनही निसरडे लागत असेल तर हीच पायरी पुन्हा करावी, पुढे जाण्याची घाई करू नये.

तिसऱ्या टप्प्यात आम्ल. दोन पर्याय आहेत. साधे पांढरे व्हिनेगर, ज्यात साधारण 5 टक्के ॲसेटिक आम्ल असते, ते आणि तेवढेच पाणी मिसळावे. किंवा अर्धा लिटर कोमट पाण्यात लिंबूसत्त्वाची पूड दोन चहाचे चमचे विरघळवावी. मला लिंबूसत्त्व अधिक पसंत आहे, कारण ते ॲल्युमिनियमला विरघळवतेच, शिवाय त्याला स्वतःशी बांधून ठेवते आणि धुताना वाहून नेते. वासही उरत नाही. रंगीत किंवा मसालेदार व्हिनेगर घेऊ नये. ताज्या लिंबाचा रस लावून कपडा उन्हात ठेवण्याचा उपाय पांढऱ्या कपड्यांसाठी सांगितला जातो, पण काळ्या कपड्यावर त्याने रंग उडण्याचा धोका असतो.

पसरट भांड्यात हे द्रावण घेऊन फक्त काखेचा भाग त्यात बुडवावा आणि अर्धा तास ठेवावा. धातूची चेन, टिचबटणे किंवा धातूचे नक्षीकाम असेल तर तो भाग द्रावणाबाहेर राहील असे पाहावे. अर्ध्या तासाने काखेचा भाग बोटांमध्ये चोळून पाहावा. ताठपणा कमी झालेला जाणवला पाहिजे. थर जाड असल्यास आणखी अर्धा तास ठेवावा, पण रात्रभर ठेवू नये. मग भरपूर स्वच्छ पाण्यात तीन वेळा खळबळून काढावे. लिंबूसत्त्व सुती कापडात राहिले आणि त्यावर इस्त्री फिरली तर धागा अशक्त होतो, म्हणून हे खळबळणे मनापासून करावे.

शेवटी टी-शर्ट उलटाच ठेवून द्रव डिटर्जंटने नेहमीप्रमाणे धुवावा, कपडे मऊ करणारे सॉफ्टनर टाळावे, आणि सावलीत वाळवावा. सॉफ्टनर धाग्यावर स्निग्ध थर सोडतो आणि तो थर पुढच्या वेळची पूड धरून ठेवतो. टी-शर्ट पूर्ण वाळल्यावर तिरप्या उजेडात पाहावे. पट्टा फिका झाला आहे पण गेलेला नाही, असे पहिल्या वेळी बरेचदा दिसते. महिनोन्‌महिने साठलेला थर एका बैठकीत निघावा ही अपेक्षाच रास्त नव्हे. अशा वेळी साबण आणि आम्ल या दोन्ही पायऱ्या पुन्हा कराव्यात. डाग शिल्लक असताना इस्त्री करू नये किंवा गरम हवेच्या यंत्रात वाळवू नये, कारण उष्णतेने उरलेले मेण वितळून धाग्यात खोल मुरते.

काही गोष्टी मुद्दाम टाळाव्यात. खायच्या सोड्याचा लेप गडद कपड्यावर लावू नये: तो स्वतःच पांढरी पूड मागे सोडतो, आणि व्हिनेगरसोबत वापरला तर दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात, येणारा फेस सफाईचा नसून वायूचा असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोरीनयुक्त ब्लीच काळा रंग उडवतात. क्लोरीनयुक्त ब्लीच व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून ती दोन्ही एकाच भांड्यात किंवा एकामागून एक न धुता कधीच वापरू नयेत.

डाग पडूच नये म्हणून

प्रतिबंधाचे अनेक मार्ग सांगितले जातात, पण त्यांपैकी एकच असा आहे जो मूळ कारणालाच हात घालतो: अँटीपर्स्पिरंट सकाळी न लावता रात्री झोपण्यापूर्वी लावणे. ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरते बूच तयार करतात. रात्री घाम कमी येतो, त्वचा कोरडी असते आणि बूच नीट बसते. सकाळी घाम वाहत असताना किंवा अंघोळीनंतरच्या ओलसर त्वचेवर लावले तर बरेचसे क्षार वरच्यावर राहतात. एकदा बसलेले बूच सकाळच्या अंघोळीने निघत नाही. म्हणजे रात्री लावून सकाळी काख धुतली, तर घाम रोखण्याचे काम चालू राहते आणि कपड्याला लागणारी पूड मात्र पाण्याबरोबर वाहून जाते. सकाळी सुगंध हवा असेल तर ॲल्युमिनियम नसलेले, पारदर्शक, द्रव स्वरूपाचे डिओडरंट थोडे लावता येते. नुकतेच दाढीच्या पात्याने केस काढले असतील तर त्या रात्री अँटीपर्स्पिरंट लावू नये, आग होते.

सकाळीच लावणे भाग असेल तर प्रमाण आणि वेळ सांभाळावी. कांडी दोन-तीन वेळा वर-खाली फिरवणे पुरेसे असते. त्वचेवर पांढरा थर उघड दिसत असेल तर तो जास्तच आहे आणि तो बोटाने किंवा टिश्यूने पुसून घ्यावा. काखेत केस दाट असतील तर पूड त्वचेपर्यंत न पोहोचता केसांवर बसते आणि तेथून थेट कपड्यावर जाते, म्हणून केस आखूड ठेवल्याने बराच फरक पडतो. रोल-ऑन पाण्याने ओले असते, ते वाळायला चार-पाच मिनिटे द्यावीत आणि तेवढा वेळ हात थोडे वर ठेवावेत. स्प्रेचा डबा आधी चांगला हलवावा, कारण पूड तळाशी बसलेली असते, आणि त्वचेपासून सुमारे 15 सेंटिमीटर अंतरावर धरून थोडाच फवारा मारावा; अगदी जवळून मारल्यास एकाच जागी पांढरा थापा बसतो.

कपडा घालण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. डोक्यावरून घालायच्या कपड्याचा काठ खाली येताना काखेवरून घासत जातो, आणि म्हणूनच पट्टा बरेचदा काखेत नव्हे तर बरगडीपाशी किंवा कमरेजवळ दिसतो. कपड्याचा खालचा भाग काखेपर्यंत उलटा दुमडून घ्यावा, म्हणजे आतली बाजू बाहेर येईल. आधी हात आणि डोके घालावे आणि मग दुमडलेला भाग खाली सोडावा. पूड लागलीच तर ती आतल्या बाजूला लागते. पुढून बटणे असलेला कपडा असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

बाजारात ‘पांढरे डाग न पडणारे’ असे लिहिलेले प्रकार मिळतात, आणि त्यांचा उपयोग होतो, पण त्याची किंमत समजून घ्यावी. त्यांत बहुतेकदा न उडणारे तेल घातलेले असते. ते कणांमधली हवेची जागा भरून ठेवते आणि पाण्याने डाग झाकला जातो तसाच तो सतत झाकलेला राहतो. पूड कपड्यावर जातेच, फक्त दिसत नाही, आणि सोबत तेलही जाते. पॉलिस्टरचा धागा तेल घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे व्यायामाच्या गडद कपड्यांवर काही आठवड्यांनी तेलकट काळसर चकती दिसू लागते. अशा कपड्यांची काख दर धुण्यापूर्वी वरच्या द्रव साबणाच्या पायरीने पाच मिनिटे हाताळावी. पूर्ण पारदर्शक जेलमध्ये क्षार विरघळलेले असल्याने मुळात पूडच कमी असते. गडद कपडे रोज वापरणाऱ्याने कांडीऐवजी ते निवडणे मला अधिक योग्य वाटते, मात्र ते नीट वाळू द्यावे लागते.

रेशीम, लोकर, ॲसिटेट आणि अस्तर लावलेले कोट यांवर वरची ओली पद्धत वापरू नये. रेशमावर पाण्याचा स्वतःचाच डाग पडतो आणि घासल्यास धाग्याची चमक जाते. ॲसिटेटला ॲसेटिक आम्ल सोसत नाही. लोकर कोमट पाण्यात चोळल्यास आटते. या कपड्यांवर फक्त कोरडा मऊ स्पंज, तोही एकाच दिशेने आणि अगदी हलक्या हाताने चालवावा, आणि उरलेले ड्राय-क्लीनिंगला द्यावे. देताना डाग अँटीपर्स्पिरंटचा आहे, किती जुना आहे आणि त्यावर आधी काय लावले आहे, हे स्पष्ट सांगून त्या जागी खूण करून द्यावी, कारण ड्राय-क्लीनिंगचे द्रावक मेण काढते पण ॲल्युमिनियम काढत नाही, आणि धुणाऱ्याला माहीत असेल तरच तो त्यावर वेगळी प्रक्रिया करतो.